सिम आज बंद होणार म्हणणारा फोन आणि तात्यांच्या कांद्याचे पैसे



या पानावर आपण कांदा, मका, ठिबक, फवारणी यावरच लिहितो. आजची नोंद मोबाईलची आहे, पण विषय शेतीच्या पैशाचा आहे. आमच्या शिवारातल्या एका शेजाऱ्याच्या खात्यातून रांगड्या कांद्याच्या पट्टीतले जवळजवळ 70 हजार रुपये पाऊण तासात गेले. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांना विचारूनच लिहितोय. ते म्हणाले, "लिही, पण नीट लिही. नुसतं 'सावध राहा' लिहू नको. कसं झालं ते लिही."

म्हणून कसं झालं तेच सांगतो.

तात्यांनी दोन खेपांत 38 क्विंटल कांदा मार्केटला नेला. भाव 1,600 लागला. हमाली-तोलाई वजा जाऊन 59,400 रुपये खात्यावर आले. आधीचे 45 हजार होते, असे मिळून 1,04,400. पैसे जमा झाल्याचा मेसेज सोमवारी आला. बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तात्या उन्हाळ कांद्याला पाणी देत होते तेव्हा दुसरा मेसेज आला. इंग्रजीत होता, असा:

"Dear customer, your SIM KYC is pending. Your SIM will be blocked today. Call immediately"

खाली दहा आकडी मोबाईल नंबर.

आता कुणी म्हणेल, एवढ्यावर माणूस फोन कसा करतो? मला ते अजिबात नवल वाटलं नाही. गेल्या दोन-चार वर्षांत आपल्याला 'केवायसी करा नाहीतर बंद' हे किती वेळा ऐकायला लागलंय ते आठवून बघा. पीएम किसानचा हप्ता अडकला, ई-केवायसी करा. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे. महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज, ओटीपी. ई-पीक पाहणी, ओटीपी. बँकेत गेलं तर केवायसी. हे सगळे खरे आहेत, आणि सगळे एकाच सिमवर टांगलेले आहेत. ते सिम बंद पडलं तर आधारचा ओटीपी येणार नाही, आणि तो आला नाही तर पुढचं सगळं अडकलं. तात्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणजे मेसेजला जी भीती दाखवायची होती ती खोटी नव्हतीच, फक्त दाखवणारा खोटा होता.

तात्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलला, अगदी अदबीनं. "सर, आपका नंबर दो बजे बंद हो जायेगा, घबराइये मत, मैं अभी चालू रखवा देता हूँ." वेळेची टाच पहिल्याच वाक्यात. दुकानात जाऊन करतो म्हणाले तर उत्तर तयार, "दुकान से दो दिन लगेगा, तब तक नंबर चला जायेगा."

पुढे त्यानं तात्यांना प्ले स्टोअरमधून एक अ‍ॅप घ्यायला लावलं. नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नावं बदलत राहतात आणि ती अ‍ॅप स्वतः खोटी नसतात. कंपन्यांची माणसं लांबच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती करायला तीच वापरतात. एकाचा मोबाईल दुसऱ्याला आपल्या जागेवर बसून दिसावा, एवढंच त्यांचं काम. म्हणून प्ले स्टोअरवर ती सहज मिळतात आणि मोबाईल काही धोक्याची सूचना देत नाही. रिझर्व्ह बँकेनं 2019 च्या फेब्रुवारीतच असल्या एका अ‍ॅपवरून बँकांना सावध केलं होतं. पण बँकेला गेलेलं पत्र आपल्या बांधावर कुठं पोचतं!

अ‍ॅप उघडलं की त्यात एक आकडा दिसतो, बहुतेक वेळा नऊ किंवा दहा अंकी. तो 'व्हेरिफिकेशन नंबर' आहे असं सांगून त्यानं तात्यांकडून वाचून घेतला. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे तात्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी त्या माणसाला तसं सुनावलंही. तो म्हणाला, "सर, ओटीपी बिलकुल मत बताइये. मुझे भी मत बताइये." तात्यांना वाटलं, माणूस प्रामाणिक दिसतोय. इथं थोडं थांबा, कारण सगळी गोम इथंच आहे. तो ओटीपी मागणारच नव्हता. त्याला तो दिसणार होता. आपण वर्षानुवर्षं शिकवलंय की ओटीपी मागतो तो चोर. मग जो मागत नाही तो आपोआप साव ठरतो. शिकवणच अर्धी होती.

तो नऊ-दहा अंकी आकडा त्यानं आपल्याकडं टाकला, आणि तात्यांच्या मोबाईलवर एक चौकट आली. ही चौकट अँड्रॉइड फोन स्वतः दाखवतो, अ‍ॅप नाही. इंग्रजीत असते. शब्द फोनच्या आवृत्तीप्रमाणं थोडे बदलतात, पण साधारण असं:

"Start recording or casting?"

आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तुमच्या स्क्रीनवर दिसणारं सगळं, पासवर्ड, पैशाचे तपशील, मेसेज, फोटो, या अ‍ॅपला दिसेल. मग दोन बटणं, Cancel आणि Start now. नव्या फोनांत याच जागी "Share your screen" असं काही येतं. अख्ख्या प्रकारात खरं सांगणारी ही एकच जागा आहे, आणि ती आपल्या माणसाला वाचता येत नाही म्हणून फुकट जाते. फोनची भाषा मराठी करून ठेवली असेल तर ही चौकटही मराठीत येते. तात्यांचा फोन इंग्रजीत होता. पुतण्यानं घेतला, त्यानंच लावून दिला. आपल्या घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांचे फोन मराठीत लावायचं काम दोन मिनिटांचं आहे. मी त्याच संध्याकाळी आईचा आणि चुलत्यांचा लावला. चुलते कुरकुरले, "आता सेटिंग सापडत नाही." सापडेल आठ दिवसांत.

तात्यांनी Start now दाबलं.

यानंतर तो म्हणाला, "सर, खाली दस रुपये का रिचार्ज करना है, उसी से नंबर चालू रहेगा." आणि एक लिंक पाठवली. लिंकवर पान उघडलं, त्यात नाव, मोबाईल, मग डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. दहा रुपयेच तर आहेत, म्हणून तात्यांनी पाकिटातून कार्ड काढून भरले.

दहा रुपये का, हे मलाही आधी नीट कळलं नव्हतं. त्याला स्क्रीन दिसतच होती, मग थेट बँकेच्या अ‍ॅपमधून पैसे का नाही नेले? नंतर कळलं की बऱ्याच बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप अशी बनवलेली असतात की पिन टाकायचं पान बाहेरच्याला काळं दिसतं. त्याचा स्क्रीनशॉटही निघत नाही, घरी करून बघा. म्हणून चोराला तुमच्या अ‍ॅपच्या पिनचा उपयोग करता येत नाही. त्याला स्वतःचं एक पान लागतं, जे काळं होणार नाही आणि जिथं तुम्ही कार्ड स्वतः लिहाल. दहा रुपयांचं रिचार्ज म्हणजे ते पान. दहा रुपये कापलेही जात नाहीत. तात्यांना 'पेमेंट फेल' दिसलं, पण तोवर कार्ड त्याच्याकडं लिहून झालेलं होतं.

मग शेवटचा हुकूम: "मोबाईल पालथा ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका, व्हेरिफिकेशन चालू आहे. फोन कट करू नका." तात्यांनी मोबाईल मोटारीच्या पेटीवर पालथा ठेवला आणि बारं द्यायला गेले.

त्या दहा-पंधरा मिनिटांत त्यानं तात्यांच्या कार्डावर तीन ठिकाणी पैसे भरायला लावले. प्रत्येक वेळी बँकेनं तात्यांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला. त्या मेसेजमध्ये ओटीपीबरोबर रक्कमही लिहिलेली होती, 24,999. पण मोबाईल पालथा. तात्यांना मेसेज दिसले नाहीत, चोराला दिसले. 24,999, परत 24,999, मग 19,900. एकूण 69,898.

त्याला तात्यांच्या कांद्याची पट्टी झाल्याचं कुणी कळवलं होतं का, असं गावात बरंच बोललं गेलं. मार्केटच्या कुणावर, बँकेच्या कुणावर संशय घेऊन झाला. मला तसं वाटत नाही. असे मेसेज एका वेळी हजारोंना जातात, त्यात एखाद्याच्या खात्यात पैसे असतातच. आणि स्क्रीन दिसायला लागल्यावर त्याला कुणी कळवायची गरजच काय? सोमवारचा बँकेचा मेसेज इनबॉक्समध्ये वरच होता, शिल्लक रकमेसकट.

पुतण्या मोटार बंद करायला आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानं मोबाईल उलटा केला, मेसेज बघितले आणि पहिल्यांदा नेट बंद केलं. हे त्यानं अगदी बरोबर केलं. अ‍ॅप शोधत बसला असता, डिलीट कसं करायचं बघत बसला असता, तर तेवढ्या वेळात चौथा ओटीपी गेला असता. नेट बंद झालं की पलीकडच्याची स्क्रीन बंद. त्यामुळं 34,502 रुपये खात्यात राहिले. पण हे अर्धंच काम असतं. कार्ड त्याच्याकडं लिहिलेलं आहे तोवर धोका संपत नाही, म्हणून कार्ड बंद करावं लागतं. ते दुसऱ्याच्या फोनवरून, कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून नाही. तिथं खोटे नंबर टाकून बसलेले भाऊबंद वेगळेच आहेत.

मला फोन आला तेव्हा मी पोचेस्तोवर साडेअकरा झाले. 1930 लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. लागायला वेळ लागला, तिसऱ्यांदा लागला. त्यांनी काय विचारलं ते लिहून ठेवा, कारण त्या गडबडीत काही सापडत नाही: फसलेल्या माणसाचं नाव आणि मोबाईल, बँक आणि खाते नंबर, कोणत्या कार्डावरून, किती रक्कम, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. संदर्भ क्रमांक बँकेच्या कापल्याच्या मेसेजमध्ये असतो. आमच्याकडं दोन व्यवहारांचे होते, तिसऱ्याचा मेसेज आलाच नव्हता. तो नंतर शाखेतून घेतला. तक्रार घेतली की एक क्रमांक मिळतो आणि मग cybercrime.gov.in वर पूर्ण तक्रार भरायची.

1930 चा उपयोग काय, तर पैसा ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेला तिथं तो अजून पडून असेल तर गोठवता येतो. एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, असं चोर तो लगेच पुढं ढकलत असतात, म्हणून मिनिटांचा हिशेब. तात्यांच्या तीन रकमांपैकी 19,900 ची रक्कम वॉलेटमध्येच सापडली आणि अडकली. बाकीचे 49,998 पुढं गेले होते. अडकलेले पैसेही लगेच खात्यात येत नाहीत, त्याला पोलीस ठाणं, अर्ज असा रस्ता आहे. तात्या अजून त्याच रस्त्यावर आहेत.

बँक भरून देईल का? हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळं, म्हणजे माहिती स्वतःच देऊन पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ग्राहकाचा आणि बँकेचाही दोष नसेल, मधल्याच कुठल्या यंत्रणेत गळती झाली असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकाला तोशीस नाही. तात्यांचं प्रकरण पहिल्या प्रकारात धरलं गेलं. मला हे पटत नाही. माहिती 'दिली' आणि माहिती 'काढून घेतली' यात फरक आहे. पण तात्यांना लागलेला नियम असा होता. त्यातून एक गोष्ट निघते: 1930 ला कळवलं म्हणजे बँकेला कळवलं असं समजून थांबू नका. शाखेत त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, वेळ टाकून. आमच्या शाखेत साहेब म्हणाले, "ऑनलाइन केलंय ना, मग कागद कशाला." पोच घेतल्याशिवाय आम्ही उठलो नाही.

आता खरं सिम बंद व्हायचं असेल तर ते कसं होतं, हे सांगतो, म्हणजे खोटं आपोआप ओळखू येईल. दूरसंचार विभागाचा 7 डिसेंबर 2021 चा आदेश बघा. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम असतील तर फेरतपासणी करायची, असा तो आहे. आपल्यापैकी फार थोड्यांना तो लागू पडेल. पण त्यातली रीत बघण्यासारखी आहे. आधी कळवायचं. मग 30 दिवसांत बाहेर जाणारे कॉल आणि नेट बंद. 45 दिवसांत येणारे कॉल बंद. दाद दिलीच नाही तर 60 दिवसांत सिम पूर्ण बंद. एवढी जास्त सिम बाळगणाऱ्यालासुद्धा सरकारनं दोन महिन्यांची पायरी ठेवली आहे. मग तात्यांचं सिम 'आज दोन वाजता' कोण बंद करणार?

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नावानंही फोन येतात. आधी रेकॉर्ड वाजतं, "दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील, अधिकाऱ्याशी बोलायला नऊ दाबा". नऊ दाबलं की गोष्ट सिमवरून तुमच्या नावावरच्या खोट्या गुन्ह्यावर जाते आणि व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस येतो. ट्रायनं स्वतः जाहीर केलंय की नंबर बंद करण्याबाबत आम्ही कुठल्याही ग्राहकाला फोन किंवा मेसेज करत नाही. सिमचा व्यवहार ग्राहक आणि कंपनी यांच्यातला. ट्रायकडं तुमचं सिम नसतंच.

मेसेजवरून ओळखायची एक साधी खूण आहे. कंपनीचा किंवा बँकेचा खरा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरं असतात, आणि 2025 पासून त्यांच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं दिसतं. S म्हणजे सेवेचा, T म्हणजे व्यवहाराचा, G म्हणजे सरकारी, P म्हणजे जाहिरातीचा. तात्यांचा मेसेज साध्या मोबाईल नंबरवरून आलेला होता. मात्र ही खूण मेसेजपुरतीच. फोन कॉलवर दिसणारा नंबर बनावट असू शकतो, त्यावर भरवसा नको.

साधा बटणांचा फोन असणाऱ्यांना वाटेल, आपल्याला अ‍ॅपचा धोका नाही. त्यांच्यासाठी दुसरी तऱ्हा आहे. सिम चालू ठेवण्यासाठी स्टार, काही आकडे, मग एक मोबाईल नंबर आणि शेवटी हॅश असं डायल करायला सांगतात. त्यानं तुमचे येणारे कॉल त्या नंबरवर वळतात, आणि मग ओटीपी फोन करून सांगणाऱ्या सेवा चोराला तो सांगतात. व्हॉट्सअ‍ॅप असेच ताब्यात घेतात. 15 एप्रिल 2024 पासून दूरसंचार विभागानं कोड डायल करून कॉल वळवायची सोय कंपन्यांना थांबवायला सांगितली, तरी ही युक्ती पुन्हा कानावर आलीय. कॉल वळवलेत का ते बघायला `*#21#` आणि सगळं वळवणं रद्द करायला `##002#`. हे दोन्ही मी स्वतःच्या फोनवर करून बघितलेत, पैसे लागत नाहीत.

आता माझं एक म्हणणं खास आपल्या कृषी सहायक मंडळींना, सेवा केंद्र चालवणाऱ्यांना आणि कंपन्यांच्या फील्डवरच्या पोरांना. राग मानू नका. ओळख क्रमांकाच्या वेळी, ई-केवायसीच्या वेळी, आपण शेतकऱ्याला फोन करतो, "काका, मोबाईलवर सहा आकडे आलेत बघा, सांगा पटकन, नाहीतर साईट बंद पडेल." काम खरं असतं, माणूस ओळखीचा असतो, हेतू चांगला असतो. पण काकांना सवय कसली लागते? फोनवर घाई करणाऱ्याला आकडे वाचून दाखवायची. तात्यांना विचारलं, त्यांनी आत्तापर्यंत किती वेळा असे फोनवर आकडे दिलेत. म्हणाले, "मोजले नाहीत, सात-आठ वेळा तरी." सात-आठ वेळा काही बिघडलं नाही. नवव्या वेळी चोर आला आणि त्याचा सूर ओळखीचाच वाटला.

आमच्या गावात आता सहायकांनी आणि केंद्रवाल्या पोरानं ठरवलंय, ओटीपीचं काम समोरासमोरच. शेतकरी केंद्रावर येईल किंवा शनिवारी सोसायटीच्या ओट्यावर. मेसेज आधी मोठ्यानं वाचायचा, कशाचा आहे आणि त्यात रक्कम आहे का बघायचं, मगच आकडे टाकायचे. काम हळू होतंय, हे खरं. सहायक म्हणाले, वरून रोज आकडेवारी मागतात, त्यांना हे कसं सांगू. तो प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडं त्याला उत्तर नाही. वरचे कुणी हे पान वाचत असतील तर त्यांनी द्यावं.

तात्यांनी स्वतः काय बदललं, तर पट्टीचे पैसे ज्या खात्यात येतात त्याचं कार्ड ऑनलाइन वापरासाठी बंद करून घेतलं. ही सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर 2020 पासून प्रत्येक बँकेला द्यावी लागते. कार्ड एटीएमला चालतं, ऑनलाइन चालत नाही, आणि हवं तेव्हा परत चालू करता येतं. रोजच्या रकमेची मर्यादाही आपल्याला हवी तेवढी ठरवता येते. तात्यांनी दहा हजार ठेवली. यूपीआय दुसऱ्या खात्याला जोडलं, त्यात दोन-तीन हजारांवर ठेवत नाहीत. खताच्या दुकानात द्यायचे असले की आदल्या दिवशी शाखेतून वळते करतात. शाखेतल्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "अहो, अ‍ॅपवरून होतं की हे." तात्या म्हणाले, "होतं, म्हणून तर इथं आलोय."

ज्यांना असा मेसेज किंवा फोन आलाय, पण पैसे गेलेले नाहीत, त्यांनी तो sancharsaathi.gov.in वर 'चक्षू' मध्ये नोंदवावा. तिथंच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. तात्यांच्या नावावर चार निघाली. दोन घरातली, एक मोटारीच्या ऑटो स्टार्टरला टाकलेलं. चौथं कुणाचं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. ते 'माझं नाही' म्हणून तिथंच कळवलंय.